तक्तुबु म्हणजे तू का ती? अरबीतल्या एका 'त'ची भानगड

प्रश्न: शारजात अकाउंट्सला आहे, चार महिने झाले संध्याकाळी अरबी शिकतोय. 'तक्तुबु' म्हणजे 'तू लिहितोस' आणि 'तक्तुबु' म्हणजेच 'ती लिहिते'. दोन्हीला सुरवातीला तोच 'त', शेवट पण सेम. वहीत 'तज़्हबु इलस्सूक' एवढंच वाक्य होतं, मी 'तू बाजारात जातोस' लिहिलं, उत्तरात 'ती बाजारात जाते' होतं. ओळखायचं कसं? ऑफिसात मेसेज येतात तेव्हा तर काहीच कळत नाही.

उत्तर:

आधी एक गोष्ट मान्य करून टाका, नुसत्या 'तक्तुबु' या शब्दाकडे कितीही वेळ बघत बसलात तरी त्यात उत्तर नाहीये. ते त्या शब्दात लपलेलं असेल आणि आपल्यालाच दिसत नसेल असं वाटतं ना, तसं काही नाही, तिथे खरंच काही नाही. मी वीसेक वर्षं अरबी कागदं मराठीत आणि इंग्रजीत करून देतोय, शिकवतो पण, आणि माझ्याकडे आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिले सहा महिने त्या 'त'वरच डोळे लावून बसतो. डोळे तिथून उचलायचे आणि तीन ठिकाणी बघायचं: ऐकणारा कोण आहे, क्रियापदाच्या शेपटीला काय चिकटलंय, आणि आधीच्या वाक्यात कोणाची गोष्ट चालली होती.

आणि हो, हे आपल्याला नवीन नाहीये बरं का. मराठीत बघा, 'मी लिहितो' आणि 'तो लिहितो', क्रियापद सेम टू सेम. बायकांचं पण तेच, 'मी लिहिते', 'ती लिहिते'. आता तुम्हाला कोणी म्हणालं 'आत्ताच फोन आला, येतो म्हणाला', तर येणारा कोण हे तुम्ही विचारता का? आणि दारात चपला घालताना कोणी 'येतो हं' म्हणालं तर 'कोण येतो?' असं विचारता का? शब्द तोच, पण एकात तो आणि एकात मी, आणि आपला गोंधळ शून्य. आपण 'येतो'कडे बघतच नाही, बोलणारा कोण आणि कशाबद्दल चाललंय ते बघतो. मराठीत 'मी' आणि 'तो' एकाच कपड्यात फिरतात, अरबीत 'तू' आणि 'ती', एवढाच फरक.

आता पहिलं, ऐकणारा कोण. याकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि खरं तर अर्धं काम इथेच होतं. 'तक्तुबु'मधला 'तू' हा फक्त एकटा पुरुष असतो. बाईशी बोलत असाल तर रूप बदलतं, 'तक्तुबीना' होतं, बोलताना 'तक्तुबीन' नाहीतर 'तक्तुबी'. बऱ्याच जणांशी बोलत असाल तर 'तक्तुबूना'. म्हणजे मेसेज जर एखाद्या बाईला लिहिलेला असेल आणि त्यात शेपटीला 'ई' नसलेलं 'तक्तुबु' आलं, तर तो 'तू' असूच शकत नाही, विषय संपला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नर्स मुलींना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगतो, की तुमच्याशी बोलताना समोरची व्यक्ती तुम्हाला 'त...ई' असंच म्हणणार, त्यामुळे नुसता 'त' कानावर आला तर ते तुमच्याबद्दल नाही, दुसऱ्या कोणाबद्दल तरी आहे. त्यांचा गोंधळ तिथेच निम्म्याहून कमी होतो. तुम्ही पुरुष, एकटे, तुम्हालाच मेसेज येतो, म्हणजे सगळ्यात वाईट जागी तुम्हीच बसलाय, त्याला इलाज नाही.

यावरून एक युक्ती निघते. शंका आली की मनातल्या मनात ऐकणाऱ्याच्या जागी बाई बसवून बघायची. तुमच्या जागी तुमच्या ऑफिसातली एखादी बाई हाच मेसेज वाचतेय असं समजा, मग हे क्रियापद 'तक्तुबीना' करावं लागलं असतं का? लागलं असतं तर तो 'तू' आहे. नसतं लागलं, जसंच्या तसं राहिलं असतं, तर ती 'ती' आहे. उत्तर सापडायला अर्थ कळावाच लागतो हे खरं, पण प्रश्न असा फिरवला की डोकं बरोबर जागी जातं.

दुसरं, शेपटी. ही सगळ्यात पक्की खूण आहे म्हणून इथे जरा थांबतो. अरबीत 'तुला', 'तिला', 'मला' हे क्रियापदाला मागून चिकटतात. पुरुषाला 'तुला' म्हणजे 'क', तिला म्हणजे 'हा', मला म्हणजे 'नी'. आता 'तुहिब्बु' घ्या, म्हणजे 'तुला आवडतं' किंवा 'तिला आवडतं', प्रेम करणं या अर्थी. त्याला 'क' लावला, 'तुहिब्बुक'. आता जर 'त' म्हणजे 'तू' असता तर वाक्य झालं असतं 'तू तुला प्रेम करतोस', आणि अरबीत असं बोलत नाहीत, स्वतःवर असेल तर 'नफ़्स' हा वेगळा शब्द आणावा लागतो, 'तुहिब्बु नफ़्सक'. म्हणजे पुढे 'त' आणि लगेच चिकटून मागे 'क' दिसला की डोळे मिटून 'ती तुला'. तुहिब्बुक, ती तुझ्यावर प्रेम करते. तन्तज़िरुक, ती तुझी वाट बघतेय. तुरीदुक, तिला तू हवायस. तस्अलुक, ती तुला विचारतेय. हा नियम मी इतकी वर्षं वापरतोय आणि रोजच्या कागदात, मेसेजात त्याने मला कधी फसवलेलं नाही.

पण 'हा' चिकटलेला असेल तर? 'तुहिब्बुहा'. हे 'तू तिच्यावर प्रेम करतोस' असू शकतं आणि 'ती तिच्यावर, म्हणजे दुसऱ्याच कोणावर तरी', उदाहरणार्थ तिच्या आईवर, असंही असू शकतं. 'नी' असेल तर दोन्ही चालतात, 'तुहिब्बुनी', तू माझ्यावर किंवा ती माझ्यावर. म्हणजे 'क' निकाल देतो, 'हा' नुसता इशारा देतो, 'नी' काहीच देत नाही.

आता इथेच लोक एक चूक करतात. क्रियापदाला चिकटलेला 'क' वेगळा आणि नामाला चिकटलेला 'क' वेगळा. 'तक्तुबु इस्मक', इथे 'क' नावाला लागलाय, 'तुझं नाव'. हे 'तू तुझं नाव लिहितोस' पण होतं आणि 'ती तुझं नाव लिहिते' पण होतं. बहुतेक वेळा पहिलं असतं कारण माणूस स्वतःचंच नाव लिहितो, पण कॉलेजच्या काउंटरवर यादी करणारी बाई असेल तर दुसरं. तेव्हा नामावरचा 'क' बघून निकाल देऊन टाकू नका.

तिसरी जागा म्हणजे जवळपास असलेले शब्द. अरबीत बोलणारे स्वतःच सोय करून देतात, 'अन्त तक्तुबु', 'हिय तक्तुबु', सर्वनाम लावून टाकतात. मग प्रश्नच नाही. 'इन्नक' किंवा 'इन्नहा' आलं तरी तसंच, पहिल्यात तू, दुसऱ्यात ती. आधी 'कान' लागलं असेल तर फारच सोपं, 'कुन्त तक्तुबु' तू लिहीत होतास, 'कानत तक्तुबु' ती लिहीत होती, आणि हे लिहितानासुद्धा वेगळं दिसतं कारण दुसऱ्यात मधे अलिफ असतो. हे महत्त्वाचं आहे कारण अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, त्यामुळे व्याकरणाच्या पुस्तकात फरक असला तरी छापील कागदावर तो असेलच असं नाही.

आणि लिंग. हे फार कामाचं आहे. 'तअमलु' म्हणजे काम करतोस किंवा करते. 'तअमलु मुहासिबन', अकाउंटंट म्हणून काम, पुल्लिंगी, म्हणजे तू. 'तअमलु मुहासिबतन', स्त्रीलिंगी अकाउंटंट, म्हणजे ती, कारण तू जर बाई असतीस तर क्रियापद 'तअमलीना' झालं असतं. म्हणजे 'त'वालं साधं क्रियापद आणि त्याच्याशी जुळणारा स्त्रीलिंगी शब्द, हे एकत्र आले की ती. याला अपवाद मला तरी भेटला नाही.

क्रियापदानंतर आलेलं नाव मात्र जपून वाचायचं. अरबीत क्रियापद आधी आणि कर्ता नंतर असं फार चालतं. 'तस्अलु यूसुफ' असं दिसलं तर यूसुफ पुरुष आहे, तो 'ती' असू शकत नाही, म्हणजे तो कर्म आहे, 'यूसुफला विचारतोस' किंवा 'ती यूसुफला विचारते'. पण 'तस्अल अल्बिन्त' दिसलं तर घोळ आहे. पूर्ण स्वर लावून वाचलं तर 'तस्अलुल बिन्तु' म्हणजे मुलगी विचारते, शेवटी 'उ'. आणि 'तस्अलुल बिन्त', शेवटी 'अ' आला तर मुलीला विचारतोस, किंवा ती मुलीला विचारते. वर्गात आपण हे 'उ' आणि 'अ' घोकतो, मात्र व्हॉट्सॲपवर ते कोणी लिहीत नाही आणि बोलताना कोणी उच्चारत नाही. शिवाय सल्मासारखं नाव आलं, ज्याच्या शेवटी मुळातच 'आ' आहे, तर पूर्ण स्वर लावलेल्या पुस्तकातसुद्धा काही दिसत नाही, 'तस्अलु सल्मा', सल्मा विचारते का सल्माला विचारतोस, व्याकरण हात वर करतं. मग मागचं वाक्य बघा, दुसरा रस्ता नाही.

आता मागच्या वाक्यावरून माझीच एक फजिती सांगतो, कारण यातून जे शिकलो ते पुस्तकात वाचलं नव्हतं. नवीन होतो तेव्हाची गोष्ट. ओळखीतला एक मुलगा नोकरीचं पत्र घेऊन आला, आखातातल्या एका कंपनीचं, कंपनीचं नाव राहू दे. अरबीतच होतं, घाईत वाचून सांग म्हणाला. एका ओळीत होतं 'व तद्फउ रुसूमत्तअशीरा'. मी सांगितलं 'आणि व्हिसाची फी तू भरायची'. त्याचा चेहराच पडला, तो घरी जाऊन पैशाची जुळवाजुळव करायला लागला, आईच्या बांगड्यांपर्यंत गोष्ट गेली. रात्री मी पत्र परत काढून बघितलं, त्याच्या आधीचं वाक्य होतं 'तुवफ़्फ़िरु लकश्शरिकतुस्सकन'. तुवफ़्फ़िरु म्हणजे पुरवतोस किंवा पुरवते, 'लक' म्हणजे तुला, अश्शरिकतु म्हणजे कंपनी, अस्सकन म्हणजे राहायची जागा. कंपनी तुला राहायला जागा देते. आणि पुढचं 'व', म्हणजे 'आणि', तोच कर्ता पुढे नेत होतं. कंपनी जागा देते आणि व्हिसाची फी भरते. भरणारी 'ती' होती, कंपनी. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्याच्या घरी गेलो आणि कान धरले.

गंमत बघा, मराठीत पण कंपनी स्त्रीलिंगीच, 'कंपनी भरते', ती भरते. अरबीत शरिका स्त्रीलिंगी. 'ती' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाई येते, पण अरबीतल्या 'त'मागे गाडी (सय्यारा), कंपनी (शरिका), सरकार (हुकूमा) यांतलं काहीही असू शकतं. कागदपत्रात, काँट्रॅक्टात तर 'ती' म्हणजे नव्वद टक्के वेळा बाई नसतेच. माझी चूक तीच झाली, पत्रात कुठे बाई नव्हती म्हणून 'ती' माझ्या डोक्यातच आली नाही आणि मी 'तू' लावून मोकळा झालो. तेव्हापासून 'त' दिसला की आधी मागच्या दोन ओळीत एखादं स्त्रीलिंगी नाम आहे का ते शोधतो. नवीन कर्ता दाखवायचा असेल तर लिहिणारा बहुतेक वेळा त्याचं नाव घेतो, नुसत्या 'व'ने जोडलेलं क्रियापद सहसा जुन्याच कर्त्याचं असतं.

आणि अजून एक भिडू आहे, तो या भांडणात तू पण नाही आणि ती पण नाही. अरबीत माणसं सोडून बाकी कशाचंही अनेकवचन व्याकरणाला एकवचनी स्त्री वाटतं. पुस्तकं, गाड्या, कागद, बिलं, सगळे 'ती'. 'अल्औराकु तसिलु गदन', कागदं उद्या पोचतील. क्रियापद 'तसिलु', तेच जे 'तू पोचतोस'ला आणि 'ती पोचते'ला वापरतात. तुम्ही अकाउंट्सला आहात म्हणजे तुमच्या मेसेजात हे सगळ्यात जास्त येणार, बिलं येतात, रकमा जमा होतात, चेक वटतात, सगळीकडे 'त'. मराठीत 'त्या', 'ती', 'ते' काय लावायचं ते मराठीच्या हिशोबाने ठरवा, अरबीच्या नाही.

उलटी चूक पण होते. 'त' म्हणजे स्त्रीलिंग असं एकदा डोक्यात बसलं की लोक 'त्या लिहितात'ला 'तक्तुब्न' करतात. ते चूक. 'त्या बायका लिहितात' हे 'यक्तुब्न', सुरवातीला 'य'. 'तक्तुब्न' म्हणजे 'तुम्ही बायका लिहिता'. फक्त दोघीजणी असतील तर 'तक्तुबानि', आणि ते 'तुम्ही दोघं' पण होतं, तिथे परत तोच तमाशा, पण रोजच्या बोलण्यात ते जवळजवळ ऐकायलाच येत नाही, सोडून द्या.

आता तुमच्यासाठी एक मेसेज सोडवून दाखवतो. असा मेसेज कोणत्याही ऑफिसात येऊ शकतो, मी बनवलाय. यूसुफ नावाच्या माणसाला त्याचा साहेब लिहितोय:

'या यूसुफ, सल्मा फ़िल्मक्तब. तुरीदुक अन् तुर्सिल लहल्फ़ातूरा. हल तअरिफ़ु रक्महा? तकूलु इन्नहा तन्तज़िरुक मुन्ज़ुस्सबाह. वल्औराकु तसिलु गदन.'

यात 'त'ने सुरू होणारी सहा क्रियापदं आहेत आणि कर्ते तीन. एकेक घेऊ.

सल्मा ऑफिसात आहे, इथपर्यंत ठीक, आणि एक बाई समोर आली हे लक्षात ठेवा. मग 'तुरीदुक', 'त' पुढे, 'क' मागे चिकटलेला, म्हणजे 'तू' बाद. 'तिला हवंय की तू...' लगेच पुढचा शब्द 'तुर्सिल', पाठवणं, परत 'त'. इथे नवशिका म्हणतो की आत्ताच तर 'ती' होती, मग ही पण 'ती'च. नाही. 'तुरीदुक अन्' या रचनेत ज्याला 'क' लागला त्यानेच पुढचं काम करायचं असतं, म्हणजे पाठवायचं यूसुफने. शिवाय 'लहा' म्हणजे 'तिला' आहे, तिने तिला पाठवायचं तर काही अर्थच लागत नाही. 'तू तिला बिल पाठवावंस असं तिला वाटतं.' एकाच श्वासात दोन 'त', पहिला तिचा, दुसरा तुझा. हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला लावा.

'हल तअरिफ़ु रक्महा?' प्रश्न आहे, यूसुफला विचारलाय, 'तिचा नंबर तुला माहितेय का?' व्याकरणाने 'तिला तिचा नंबर माहितेय का' पण होईल, पण स्वतःचा नंबर माहीत आहे का असं कोण विचारतं. मेसेजात समोरच्याला 'हल' करून प्रश्न केला असेल तर पहिला अंदाज 'तू' धरायचा, आणि तो जुळला नाही तरच सोडायचा.

'तकूलु इन्नहा तन्तज़िरुक'. शेवटून सुरू करा. तन्तज़िरुक, मागे 'क', म्हणजे ती तुझी वाट बघतेय, पक्कं. इन्नहा, 'की ती', पक्कं. मग 'तकूलु'? इथे खरं सांगायचं तर व्याकरणाने दोन्ही चालतं, 'ती म्हणतेय की ती तुझी वाट बघतेय' आणि 'तू म्हणतोस की ती तुझी वाट बघतेय'. निकाल व्याकरण देत नाही, प्रसंग देतो. साहेब यूसुफला तिचा निरोप देतोय, यूसुफ आधी काही बोललेलाच नाही, म्हणून 'ती म्हणतेय'. हाच मेसेज जर यूसुफच्या मेसेजला उत्तर असता आणि यूसुफने आधी 'सल्मा माझी वाट बघतेय' लिहिलं असतं तर 'तू म्हणतोस की' झालं असतं. म्हणून मेसेज वाचताना वरचा मेसेज पण वाचायचा, एवढं साधं आहे ते.

शेवटचं 'वल्औराकु तसिलु गदन', कागदं उद्या पोचतील. ना तू, ना ती.

आता यूसुफच्या जागी फ़ातिमा बसवा. 'तुरीदुकि अन् तुर्सिली लहल्फ़ातूरा. हल तअरिफ़ीन रक्महा?' बघा, जी दोन 'तू'ची होती, पाठवणं आणि माहीत असणं, त्या दोघांनाच 'ई' आली. तुरीदु, तकूलु, तन्तज़िरु, तसिलु जागचे हलले नाहीत. ती युक्ती म्हणतो ती हीच.

बोलीत काय होतं असं तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, बोलीत पण सुटका नाही. इजिप्तचा माणूस 'बितिक्तिब' म्हणतो, तू आणि ती दोघांना. तुमच्या आजूबाजूचे खलीजी 'तअरिफ़' म्हणतील, तू पण आणि ती पण. उलट बोलीत शेवटचे 'उ' 'अ' पूर्ण गळतात म्हणून आधार अजून कमी. पण तिथे माणूस समोर असतो, त्याची नजर कुठे आहे ते दिसतं, आणि लोक 'इन्त', 'हिय' सढळ हाताने लावतात. साइटवर आपली माणसं जी मोडकी अरबी बोलतात, 'इन्त रूह', 'मा फ़ी मालूम', त्यात तर क्रियापदाचं रूप बदलतच नाही, सगळा भार सर्वनामावर, त्यामुळे वीस वर्षं तिथे राहिलेल्या माणसाला हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. त्यांना विचारायला जाऊ नका, ते तुमच्याकडे वेड्यासारखं बघतील.

हा प्रश्न फक्त वर्तमानकाळाचा आहे असंही समजू नका. भविष्यकाळात पुढे 'स' लागतो, 'सतक्तुबु', गोंधळ तोच. भूतकाळात उच्चार वेगळे आहेत, 'कतब्त' तू लिहिलंस, 'कतबत' तिने लिहिलं, (लिहिताना मात्र तेही एकसारखेच दिसतात, ते परत कधीतरी). पण भूतकाळ नाकारायला 'लम्' लावला की क्रियापद परत 'त'वर येतं, 'लम् तक्तुब', तू लिहिलं नाहीस किंवा तिने लिहिलं नाही. एक ठिकाण मात्र सुटसुटीत आहे, मनाई. 'ला तक्तुब', लिहू नकोस, हा जवळजवळ नेहमी 'तू'च असतो. यातही 'तकूलु'सारखं मधे दीर्घ स्वर असलेलं क्रियापद असेल तर लिखाणातही फरक दिसतो. 'ला तकूलु' म्हणजे तू किंवा ती सांगत नाही, आणि 'ला तकुल' म्हणजे सांगू नकोस, यात मधला वाव गळतो. वाव नसेल तर साहेब तुम्हाला गप्प राहायला सांगतोय, वाव असेल तर कोणीतरी काहीतरी सांगत नाहीये आणि ते कोण ते शोधा.

हा 'त' दोन जागी एकसारखा का, याचं थोडक्यात सांगतो कारण त्याने लक्षात राहायला मदत होते. 'तू'चा 'त' म्हणजे 'अन्त'मधला 'त' समजा, आणि 'ती'चा 'त' म्हणजे स्त्रीलिंगाचा, जो 'कतबत'च्या शेवटी दिसतो. कामं दोन, दिसायला एक. आणि ही अरबीची एकटीची खोड नाही, तिच्या बहिणी भाषांत पण आहे. हिब्रूत 'तिख्तोव' म्हणजे 'तू लिहिशील' आणि 'ती लिहील', माल्टाच्या भाषेत 'तिक्तेब' दोघांना. घराण्याचीच सवय आहे.

तुम्ही स्वतः बोलताना-लिहिताना काय करायचं ते सोपं आहे, शंका असेल तिथे 'अन्त' किंवा 'हिय' लावून मोकळे व्हा, कोणी हसत नाही. आणि समोर बाई असेल तर 'ई' विसरू नका. ते विसरलात तर ती बाई क्षणभर मागे वळून बघेल की हा कोणाबद्दल बोलतोय, कारण तिच्या कानाला ते 'ती' असंच लागणार.

राहिलं तुमचं वहीतलं वाक्य. 'तज़्हबु इलस्सूक', त्याच्या आधी काही नाही, नंतर काही नाही, ऐकणारा कोण माहीत नाही. तुमचं उत्तर बरोबर होतं. वहीतलं पण बरोबर होतं. टीचरला सांगा मार्क द्या म्हणून, आणि नाही दिले तर विचारा की वाक्यात 'हिय' कुठे लिहिलीय ते दाखवा.